पोस्त, बोनस आणि पाकिटातली चिठ्ठी

दसरा झाला की जळगाव, धुळे, भुसावळच्या कॉलन्यांमध्ये दरवर्षी तोच वाद सुरू होतो. धुणी-भांडी करणाऱ्या बाईंना आणि ड्रायव्हरला दिवाळीला काय द्यायचे? एक बाजू म्हणते, कायदा नाही तर हक्क कसला. साडी द्या, फराळाचा डबा द्या, विषय संपला. दुसरी म्हणते, एक पगार द्यायलाच हवा, न देणारा तो कंजूष. तिसरी बाजू सगळ्या गल्लीसाठी एकच आकडा ठरवून टाकायला निघते, म्हणजे एका घरचे उदाहरण दुसऱ्या घरी सांगायला कोणाला जागा राहणार नाही. तिघेही आकड्यावरच भांडतात. पैसे कशाबद्दल दिले, कधी दिले, कोणाच्या हातात दिले आणि देताना काय म्हटले, याची चर्चा कोणी करत नाही. घेणाऱ्याच्या मनात वर्षभर घर करून राहते ते मात्र नेमके हेच.

माझे म्हणणे सरळ आहे. रक्कम आधीपासून ठरलेली असावी, ती एका महिन्याच्या पगाराइतकी असावी, आणि तिच्यासोबत नाव, रक्कम, कालावधी व आभार लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी असावी. चिठ्ठीत हिशोबही हवा आणि कृतज्ञताही हवी, पण हिशोब आकड्यात असावा आणि आभार शब्दांत. हिशोब मोघम राहिला की आभारसुद्धा मेहेरबानीसारखे वाटू लागतात.

या सगळ्यासाठी आपल्याकडे एक जुना शब्द आहे, पोस्त. पोस्टमन, गुरखा, सफाईवाले दिवाळीची पोस्त मागायला दारात येत आणि मालक खिशात हात घालून हाती लागेल ते देई. पोस्त मागावी लागते, आणि किती मिळेल ते देणाऱ्याच्या त्या दिवसाच्या मर्जीवर असते. बोनस हा शब्द आपण वापरतो खरा, पण अजून देतो ती पोस्तच. ज्या बाई रोज सकाळी घरात येऊन ओटा-मोरी आवरतात, ज्यांना आपल्या डब्यांच्या जागा आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात, त्यांनाही दिवाळीच्या तोंडावर, 'यंदा काही देणार ना?' असे चाचरत विचारावे लागते.

'कायदा नाही' हे पहिले म्हणणे खोटे नाही, ते मान्य करूनच पुढे जावे लागेल. १९६५ चा बोनस कायदा कारखान्यांसाठी आणि वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांसाठी होता. घर हे आस्थापना नव्हे. शिवाय बोनस म्हणजे नफ्यातला वाटा, आणि घराला नफा होत नाही. ज्या निवृत्त शिक्षकाला स्वतःला आयुष्यात बोनस मिळाला नाही, त्याने तो कशाच्या जोरावर द्यायचा? हा प्रश्न प्रामाणिक आहे, तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण नफ्याचा युक्तिवाद त्या कायद्यानेच कधीचा मागे टाकला आहे. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजेच एक महिन्याचा पगार. आणि तो मालकाला नफा झाला नाही तरी द्यावा लागतो. पुढे त्या कायद्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही हाच आकडा कायम राहिला. नफा नसतानाही जो द्यायचा, तो नफ्यातला वाटा कसा? तो वर्षभराच्या कामाचा मागे राहिलेला पगारच झाला. कायदा घराच्या दारापर्यंत येत नाही हे खरे, पण त्यामागचा विचार उंबऱ्यावर का अडावा? घरकाम हे काम आहे, हे तर महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा करून केव्हाच मान्य केले आहे.

'हक्क कसला' हे वाक्य नवे नाही. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गिरणीमालकांनी काही वर्षे वर्षअखेर बोनस दिला. कामगारांनी तो घरखर्चात धरला, दुकानदारांनी त्याच्या भरवशावर उधारी दिली. १९२३ चा बोनस मालकांनी दिला नाही आणि १९२४ च्या सुरुवातीला गिरण्या बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने निर्वाळा दिला की कायद्याने, रूढीने किंवा न्यायबुद्धीनेही कामगारांचा बोनसवर वसूल करता येईल असा हक्क शाबीत होत नाही. कामगार हरले आणि संप मोडला. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र मिटला नाही: सलग काही वर्षे दिलेली आणि घेणाऱ्याने संसारात मोजलेली रक्कम एका सकाळी 'आमची खुशी होती' म्हणून काढून घेता येते का? उत्तर कायद्यात उतरायला चाळीस वर्षे लागली. आज कॉलनीतला वाद त्या १९२४ च्या समितीजवळच अडकून पडला आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. लोक म्हणतात, दहा-दहा वर्षांचा घरोबा असतो, त्यात कागद कशाला आणता? लिहिले की व्यवहार होतो, ओलावा जातो. यात तथ्य आहे. कागदाने माणसे दुरावतात हे आपण भावाभावांच्या सातबाऱ्यावर पाहतोच. पण ठरवून बोलल्याने माया आटते, हे खानदेशात तरी कोणी म्हणू नये. आपल्याकडे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचे साल आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास ठरते. रोख किती, धान्य किती, कपडे कोणते, उचल किती, सगळे तोंडावर बोलून, चार माणसांसमोर. म्हणून पोळ्याला त्याच्या ताटात पुरणपोळी वाढताना कोणाचा हात आखडतो का? उलट आकडा आधी मिटलेला असतो, म्हणूनच त्या दिवशीची पुरणपोळी निव्वळ मानाची असते; ती मजुरीच्या बदल्यात आली अशी शंका कोणाला येत नाही. सालदारकी फार गोड होती असे मला म्हणायचे नाही. उचलीत अडकून साल-दर-साल त्याच वाड्यावर राबलेली माणसेही याच मातीत झाली. ठरलेले ते बोललेले असावे, एवढा एकच धडा मी तिच्यातून घेतो. आणि उचलीबद्दलची सावधगिरी.

आता आकड्याकडे, कारण गोंधळ तिथेही आहे. समजा, एक बाई चार घरी कामाला जातात. पहिल्या घरी महिना १५००, दुसऱ्या घरी १२००, तिसऱ्या घरी १०००, आणि चौथ्या घरी फक्त भांडी, त्याचे ८००. गल्लीने 'प्रत्येकी पाचशे' ठरवले तर त्यांच्या हाती दोन हजार पडतात. प्रत्येक घराने आपला एक पगार दिला तर साडेचार हजार. 'आम्हाला मोठ्या घरांची बरोबरी परवडत नाही' ही तक्रार एका पगाराच्या रीतीत आपोआप मिटते, कारण आठशे देणाऱ्याचा बोनस आठशेच. कोणाची कोणाशी बरोबरीच नाही. तेवढेही एकदम जड जात असेल तर बाराशे पगार असणाऱ्या घराने दरमहा शंभर रुपये वेगळ्या डब्यात टाकावेत. ड्रायव्हरचा पगार चौदा हजार असेल तर महिन्याला पावणेबाराशेच्या आसपास बाजूला पडतात. दिवाळीत खर्च अंगावर येतो तो बोनसमुळे नाही, अकरा महिने त्याची आठवण न ठेवल्यामुळे येतो.

हिशोब बिघडतो तो तीन ठिकाणी. पहिल्या घरी बाई एप्रिलपासूनच लागल्या आहेत, दिवाळीपर्यंत सात महिने झाले. मग पंधराशेचे सात-बारांश, म्हणजे ८७५. ते वर नेऊन ९०० करावेत. 'वर्ष झाले नाही, पुढच्या वेळी बघू' म्हणणे चूक. दुसऱ्या घरी जूनमध्ये पगार हजारावरून बाराशे झाला. बोनस आजच्या पगारावर, बाराशे. मुलीच्या बाळंतपणासाठी अठरा दिवस रजा झाली होती, ती इथे कापायची नाही; खाड्यांचा हिशोब त्या-त्या महिन्यात झाला असेल तो झाला. तिसऱ्या घरची गोष्ट सगळ्यांत जास्त घडते. तिथून बाईंनी जूनमध्ये पोराच्या शाळेसाठी अडीच हजार उचल घेतली, दीड हजार फिटली, हजार बाकी. बोनसही हजारच. मालक म्हणतात, 'उरलेली उचल माफ, हाच तुमचा बोनस.' वहीत बरोबर जुळते. पण दिवाळीच्या आठवड्यात हातात शून्य येते, आणि किराणा, पोरांचे कपडे, भाऊबीजेचे जाणे-येणे यासाठी नवी उचल काढावी लागते, कदाचित जास्त जाचक ठिकाणाहून. उचल पूर्वीसारखी पाचशे-पाचशेने वळती करावी आणि बोनस पूर्ण हातात द्यावा. दिवाळीच्या साफसफाईचेही तसेच. माळे उतरवणे, पंखे पुसणे, पितळेचे डबे घासणे हे नेहमीच्या कामात बसत नाही. त्याचे पैसे वेगळे ठरवून वेगळे द्यावेत, बोनसमध्ये जिरवू नयेत. ड्रायव्हरचा रात्रपाळीचा भत्ताही याच न्यायाने वेगळा.

एवढे जुळले की चिठ्ठीचे काम सोपे होते. 'त्यांना कुठे वाचता येते, चिठ्ठी कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. बाईंना येत नसेल, पण त्यांच्या घरी शाळेत जाणारे कोणी असतेच, आणि ती चिठ्ठी त्या संध्याकाळी तेच मूल मोठ्याने वाचणार असते. आपल्या आईच्या कामाबद्दल कोणी लिहिलेले ते पहिलेच वाक्य असू शकते. म्हणून मोठ्या, सुट्या अक्षरात, मराठीत लिहावे. देताना आपणही एकदा वाचून दाखवावे. अहिराणी येत असेल तर अहिराणीतच समजावून सांगावे. वर त्यांचे पूर्ण नाव, आडनावासकट. कित्येक घरांना दहा वर्षांनीही बाईंचे आडनाव ठाऊक नसते आणि ड्रायव्हरचे नाव फोनमध्येही 'ड्रायव्हर' असेच असते. नावाखाली मजकूर साधारण असा:

'गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंतच्या वर्षाचा बोनस, तुमच्या एका महिन्याच्या पगाराइतका, रुपये १२००, अक्षरी एक हजार दोनशे, या पाकिटात आहे. यातून उचल किंवा खाडे कापलेले नाहीत. जूनमध्ये आई नऊ दिवस दवाखान्यात होत्या, तेव्हा तुम्ही रोज सकाळी सहाला येऊन आवरून दिलेत, म्हणून आम्हाला त्यांच्याजवळ वेळेवर पोहोचता आले. त्याबद्दल मनापासून आभार. पाडवा आणि भाऊबीज या दोन्ही दिवशी तुम्हाला पगारी सुट्टी आहे. तुम्हाला आणि घरच्यांना दिवाळीच्या शुभेच्छा.'

खाली तारीख आणि घरातल्या दोघांच्या सह्या. आभाराचे वाक्य एकच, पण ते दुसऱ्या कोणत्याही घरच्या बाईंना लागू पडता कामा नये. ड्रायव्हरसाठी लिहिताना 'तुम्ही चांगली गाडी चालवता' याने काही पोहोचत नाही. 'कन्नड घाटात वाहतूक अडकली त्या रात्री तुम्ही घाई केली नाहीत, मुलांना सुखरूप आणलेत' किंवा 'मे महिन्यात लग्नांच्या गर्दीत तासन्‌तास उन्हात गाडीजवळ थांबलात, तिथे सावलीची सोय आम्ही करायला हवी होती' असे लिहिले की वाचणाऱ्याला कळते, आपले काम कोणाच्या तरी नजरेत होते. या दुसऱ्या वाक्यात चूकही कबूल केली आहे. ती कबुली मी मुद्दाम सुचवतो.

काही शब्द मात्र टाळायला हवेत, कारण ते चांगल्या मनानेच लिहिले जातात. 'छोटीशी भेट, गोड मानून घ्या' यात कमी असेल तरी बोलू नका, असे आधीच सांगून टाकलेले असते. 'अशीच सेवा करत राहा' यातली सेवा देवाची असते किंवा आईबापांची. इथे काम आहे, त्याला काम म्हणावे. 'तुम्ही आमच्या घरातल्याच' हे वाक्य तर सर्वांत जपून वापरावे. ज्या घरात बाईंचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो, त्या घराने हे वाक्य लिहिले तर तो कप आणखी उठून दिसतो. पुढच्या वर्षाची अट, सल्ला, खाड्यांचा टोमणा यांपैकी काहीही या कागदावर नको. 'तू' आणि 'तुम्ही'चेही भान ठेवावे. बोलण्यातला आपुलकीचा 'तू' दोन्हीकडून असेल तर गोड. एकीकडूनच असेल तर लिहिताना 'तुम्ही' हेच बरोबर.

देण्याची वेळही चिठ्ठीइतकीच महत्त्वाची. अनेक घरांत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरातला पैसा बाहेर देत नाहीत, म्हणून पाकीट पाडव्यावर ढकलले जाते. तोवर बाजार होऊन गेलेला असतो आणि कपडे उधारीवर आलेले असतात. वसुबारसेच्या आधी किमान आठ दिवस पाकीट हातात पडायला हवे, म्हणजे मधला एक आठवडे बाजार त्यांना मिळतो. फोनवरून पैसे पाठवायचे असतील तर आधी विचारावे. खाते पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनला जोडलेले असते, आणि स्वतःचे असले तरी पैसे पडताच कर्जाचा हप्ता त्यातून कापला जातो. विचारल्यावर बहुतेक बाई रोख मागतात. मग रोख द्यावी, त्यांच्याच हातात, दारात उभे न ठेवता बसवून, आणि काही नोटा शंभराच्या असाव्यात, म्हणजे भाजीवाल्याकडे पाचशेचे सुटे मागत फिरावे लागत नाही. फराळ द्यायचा तर त्याच डब्यातला, जो पाहुण्यांना दिला. आणि जुने कपडे त्या दिवशी मुळीच नकोत, मग ते कितीही चांगले असोत. साडी आवडीने घेतली असेल तर जरूर द्यावी, बोनसच्या वर.

आणि सण कोणाचा? या प्रश्नावर तर गावोगावची चर्चा पार गप्प असते. ड्रायव्हर मुसलमान असेल तर त्यांच्या घरचा मोठा खर्च रमजान ईदला असतो. धडगाव-अक्कलकुव्याकडून शहरात कामाला आलेल्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबाला पैसा लागतो तो होळीला, भोंगऱ्या बाजाराच्या आधी. आपल्या दिवाळीला दिलेला त्यांचा बोनस तोवर उरतो का? श्रावणातच एकदा विचारून घ्यावे, 'तुमचा बोनस कोणत्या सणाला देऊ?' आणि त्या सणाआधी द्यावा. एक बारकावा मात्र आहे. ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते, तेव्हा वर्षाचा हिशोब इंग्रजी महिन्यांवर ठेवावा आणि फक्त देण्याचा दिवस सणावर.

सर्वांत वजनदार आक्षेप डावीकडून येतो, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तो म्हणतो, वर्षभर कमी पगार, आठवड्याची सुट्टी नाही, आजारपणात खाडे कापणार, आणि दिवाळीला सुंदर अक्षरात चिठ्ठी; हे पांघरूण झाले. बरोबर आहे. ज्या घराने तीन वर्षे पगार वाढवला नाही, त्याने आधी पगार वाढवावा, चिठ्ठी नंतर लिहावी. पण म्हणून चिठ्ठी खोटी ठरत नाही. 'यातून खाडे कापलेले नाहीत' असे स्वतःच्या सहीने लिहिणाऱ्या माणसाला पुढच्या महिन्यात खाडे कापताना अवघडल्यासारखे होते. 'एका महिन्याच्या पगाराइतका' असे यंदा लिहिल्यावर पुढच्या वर्षी पाचशे देऊन सुटता येत नाही, कारण तो कागद बाईंच्या घरी पत्र्याच्या पेटीत असतो. काहींना याचीच धास्ती वाटते, की लिहिलेले उद्या अंगावर येईल. ज्याला यंदाचा शब्द पुढच्या वर्षी पाळायचा आहे, त्याला त्या कागदाची भीती कशाची?

ही रीत खरी उतरते की नाही, ते सोडून गेलेल्या माणसाच्या बाबतीत कळते. बाई भाद्रपदात काम सोडून गेल्या, दहा महिने करून. कदाचित न सांगता, कदाचित शेजारच्या गल्लीत शंभर रुपये जास्त मिळाले म्हणून. कारखान्यात वर्षात तीस दिवस काम केलेला माणूसही बोनसला पात्र असतो. घरी आपण म्हणतो, 'गेली ना, आता कसला बोनस?' बाराशेचे दहा-बारांश म्हणजे हजार रुपये होतात. ते पाकिटात घालून, कोणाच्या तरी हाती न पाठवता, स्वतः त्यांच्या दारी नेऊन द्यावेत. चिठ्ठीत दहा महिन्यांचा हिशोब लिहावा, त्या दहा महिन्यांतल्या एका कामाची आठवण लिहावी, आणि का सोडले हे विचारू नये.